कंट्रोल शिफ्ट सी आता काहीच करत नाही

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ताई बावीस वर्षं अहवाल टाइप करत होत्या, आणि तिथे त्यांच्या दोन गोष्टी प्रसिद्ध होत्या: बोटं आणि जीभ. बोटं अशी चालायची की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला आपण काम करत नाही आहोत असं वाटायला लागायचं. जीभ त्याहून जलद चालायची. त्यामुळे साहेब त्यांना काहीही लिहायला सांगताना शेवटी "सभ्य भाषेत" हे दोन शब्द जोडायचे.

नवा प्रोग्राम आला तो एका शुक्रवारी. जुन्याचा परवाना संपला होता आणि नवा घ्यायचा नाही, असं वरून ठरलं होतं. संगणकवाला आला, त्याने दोन दिवसांत अकरा यंत्रांवर नवा प्रोग्राम चढवला, "सगळं तसंच आहे, फक्त थोडं वेगळं आहे," असं म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो फोनवर फक्त श्वास घ्यायचा आणि "बघतो" म्हणायचा.

थोडं वेगळं म्हणजे काय, ते सोमवारी कळलं. मुख्य केमिस्टबाईंनी चौदा पानांचा अहवाल तपासायला घेतला. ओळींमध्ये पेनने खुणा करायला जागा हवी, म्हणून त्यांनी कायमच्या सवयीने सगळा मजकूर निवडून कंट्रोल दोन दाबलं. जुन्या प्रोग्रामात त्याने ओळींमधलं अंतर दुप्पट व्हायचं. नव्यात त्याने प्रत्येक परिच्छेद दुसऱ्या पातळीचं शीर्षक झाला. बाईंना वाटलं अक्षरं जरा जाड दिसताहेत, नव्या प्रोग्रामची पद्धत असेल. त्यांनी फाइल जतन केली, अनुक्रमणिका ताजी केली, बंद केली आणि साहेबांकडे पाठवली. साहेबांनी छापून घेतली. अनुक्रमणिकाच सहा पानांची झाली होती आणि तिच्यात "नमुना सकाळी सव्वाआठला घेतला, बाटली स्वच्छ होती" हेसुद्धा पान क्रमांकासह आलं होतं.

साहेबांनी ताईंना बोलावलं. टेबलावर ती सहा पानं होती.

"ताई, हे काय आहे?"

"अनुक्रमणिका."

"ते दिसतंय. हे असं किती जणांचं होतंय?"

"सगळ्यांचंच. तुमचंही."

साहेबांनी मान वर केली. ताई म्हणाल्या, "तुम्ही दुसऱ्या नावाने जतन करायला एफ बारा दाबता ना? नव्यात त्याने क्रमांकांची यादी सुरू होते. परवापासून तुमची प्रत्येक फाइल 'एक' या आकड्याने सुरू होतेय आणि जुन्याच नावावर जतन होतेय."

साहेब म्हणाले, "एक टिपण लिहा. सगळ्या सहकाऱ्यांसाठी. कुठल्या कळा बदलल्या तेवढंच. एका पानात." आणि ताई दारापर्यंत पोहोचल्यावर, "सभ्य भाषेत."

ताईंनी त्या संध्याकाळी घरी नवऱ्याला विचारलं. नवरा गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांशेजारी बसून त्याच्यात एक विलक्षण शांतपणा आला होता, जो ताईंना कधीकधी सहन व्हायचा नाही.

"बदललेल्या कळा तीसेक आहेत," ताई म्हणाल्या. "एका पानात कशा बसवू?"

"बसवू नकोस. लोक रोज ज्या दाबतात तेवढ्याच सांग. माझ्याकडे दुसरी गाडी चालवलेला माणूस आला की मी त्याला अख्खी गाडी समजावत नाही. वायपर समजून इंडिकेटर लावशील, एवढंच सांगतो."

"आणि तरी लावला तर?"

"लावतोच. पण तेव्हा त्याला माझा आवाज आठवतो."

सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "तिचा आवाज लोकांना तसाही आठवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अहवालखोलीत कोणी यायच्या आत ताई टिपण लिहायला बसल्या. त्यांची एक जुनी पद्धत होती. सभ्य लिहायचं असलं की आधी असभ्य लिहून मोकळं व्हायचं आणि मग ते पुसून टाकायचं. तोंड धुतल्याशिवाय जेवायला बसू नये, तसंच हे, असं त्यांचं म्हणणं.

वर "बदललेल्या कळा" असं ठळक शीर्षक टाकलं. खाली "न बदललेल्या कळा" असं दुसरं. पहिल्याचं रूप दुसऱ्यावर चढवायला त्यांनी बावीस वर्षांच्या सवयीने कंट्रोल शिफ्ट सी दाबलं. दुसरं शीर्षक निवडून कंट्रोल शिफ्ट व्ही दाबलं. रूप काही चढलं नाही, उलट "कशा प्रकारे चिकटवू" असं विचारणारी एक चौकट उघडली. ताईंनी ती रद्द केली आणि आपल्या यादीत लिहिलं: कंट्रोल शिफ्ट व्ही, आता चौकट उघडते. कंट्रोल शिफ्ट सी, आता काहीच करत नाही.

एवढं लिहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की नवीन अक्षरं रंगीत उमटताहेत, खाली रेघ घेऊन. हा प्रकार त्यांना नवा नव्हता. गेल्या दोन दिवसांत तीन जणांनी येऊन "ताई, माझी अक्षरं रंगीत झाली" असं सांगितलं होतं आणि ताईंनी त्यावर उपाय शोधून काढला होता. एडिट मेनू, त्यात ट्रॅक चेंजेस, त्यात "शो" नावाच्या ओळीपुढची खूण काढायची. रंग जातो. तिघांनीही त्यांना डॉक्टर मानलं होतं. ताईंनी स्वतःवरही तोच उपाय केला. रंग गेला. मग त्यांनी मनमोकळं लिहिलं.

केमिस्टबाईंबद्दल लिहिलं: "कंट्रोल दोन दाबू नये. विशेषतः ज्यांना सूक्ष्मदर्शकातून जंतू दिसतो पण चौदा पानं जाड झालेली दिसत नाहीत, त्यांनी."

साहेबांबद्दल लिहिलं: "एफ बारा दाबल्यावर क्रमांक एक येतो. साहेबांच्या बोलण्यासारखंच आहे, पहिला मुद्दा येतो, दुसरा कधीच येत नाही."

नमुने गोळा करत मोटारसायकलवर हिंडणाऱ्याला सगळे बाटल्या म्हणायचे. त्याच्याबद्दल: "कंट्रोल एम ने आता परिच्छेद आत सरकत नाही, निवडलेल्या मजकुराचं ठळक-तिरकं सगळं रूप निघून जातं. बाटल्याने काल अहवालाचे कपडे काढले आणि मलाच विचारलं, हा असा उघडा का बसलाय."

आणि अभिलेखखोलीत बसणाऱ्या काकांबद्दल एकच ओळ: "काकांसाठी काहीही बदललेलं नाही. ते जुन्यातही काहीच वापरत नव्हते."

हे सगळं वाचून त्या एकट्याच हसल्या. मग एकेक वाक्य निवडून पुसलं. पडद्यावरून गेलं. त्या जागी स्वच्छ ओळी आल्या:

"कंट्रोल दोन: पूर्वी दुप्पट अंतर. आता दुसऱ्या पातळीचं शीर्षक. कंट्रोल एक आणि कंट्रोल पाचचंही तसंच. अंतर बदलायचं तर परिच्छेदाच्या मांडणीत जावं. चुकून शीर्षक झालंच तर लगेच कंट्रोल झेड.

एफ बारा: पूर्वी दुसऱ्या नावाने जतन. आता क्रमांकांची यादी. दुसऱ्या नावाने जतन करायला कंट्रोल शिफ्ट एस.

कंट्रोल डी: पूर्वी अक्षरांची चौकट. आता दुहेरी अधोरेखन.

कंट्रोल एम: पूर्वी परिच्छेद आत. आता वरून चढवलेलं रूप साफ.

घन मीटरचा वरचा तीन आणि नायट्रेटचा खालचा तीन: वर न्यायला कंट्रोल शिफ्ट पी, खाली न्यायला कंट्रोल शिफ्ट बी. पी म्हणजे पोटमाळा, बी म्हणजे बेसमेंट."

पोटमाळ्याचा त्यांना अभिमान वाटला. पुढे कंट्रोल शिफ्ट सी आणि व्ही. सर्वांत शेवटी, "अक्षरं रंगीत झाली तर एडिट, ट्रॅक चेंजेस, शो, इथली खूण काढावी," आणि "नक्कल, कापणं, चिकटवणं, जतन, छपाई, केलेलं मागे घेणं, शुद्धलेखनासाठी एफ सात: काही बदललेलं नाही, निश्चिंत राहावं." एक पान बरोबर भरलं. ताईंनी ते अकरा जणांना मेलने पाठवलं आणि चहा घ्यायला गेल्या.

साहेबांनी जिन्यात थांबवून "छान लिहिलंय, सभ्य आहे," असं सांगितलं. त्यांच्या आवाजात थोडं आश्चर्य होतं.

केमिस्टबाई मात्र कोणतीही गोष्ट कागदावर आहे म्हणून खरी मानायच्या नाहीत. त्यांचा पगारच त्यासाठी होता. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी टिपण उघडलं आणि एकेक ओळ स्वतः दाबून बघितली. एफ बारा, बरोबर. कंट्रोल डी, बरोबर. पोटमाळा, बरोबर, आणि चांगला. मग आलं: कंट्रोल शिफ्ट सी, आता काहीच करत नाही.

त्यांनी दाबलं. खरंच काही झालं नाही. पण काहीच न करणारी कळ बाईंना पटेना. प्रयोगशाळेत "काहीच आढळलं नाही" लिहिताना कुठल्या उपकरणाला आढळलं नाही तेही लिहावं लागतं. मेनूंमध्ये प्रत्येक आज्ञेसमोर तिची कळ छापलेली असते, हे त्यांना ठाऊक होतं. त्या एकेक मेनू उघडत गेल्या. एडिटमध्ये, ट्रॅक चेंजेसच्या आत, पहिल्याच ओळीला: "रेकॉर्ड". समोर कंट्रोल शिफ्ट सी. म्हणजे कळ काम करत होती. या क्षणापासून पुढचा प्रत्येक बदल नोंदून ठेव, असं ती सांगत होती. खाली "शो", खूण नसलेलं. बाईंनी खूण केली.

पानभर टिपणाचं दीड पान झालं. जांभळ्या रंगात, मधोमध रेघ मारलेली, ताईंची सगळी वाक्यं परत आली. बाण नेऊन ठेवला की लेखिकेचं नाव, तारीख आणि वेळही येत होती. सकाळी आठ वाजून बेचाळीस मिनिटं.

केमिस्टबाईंनी फोन केला. "ताई, जरा तराजूखोलीत या."

तराजूखोली म्हणजे वाऱ्याच्या झुळकीनेही वजन हलू नये म्हणून बंद ठेवलेली जागा. दार लावलं की बाहेर काही ऐकू जात नाही. ताईंना वाटलं एखादा आकडा चुकला. बाईंनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

ताईंनी वाचलं. स्वतःची जीभ स्वतःच्या डोळ्यांनी त्यांनी पहिल्यांदाच बघितली असावी.

"मी हे पुसलं होतं," त्या म्हणाल्या.

"पुसलं नाही. तुम्ही ते पुसल्याची नोंद झाली. आणि ती नोंद तुम्ही झाकलीत."

"बाई, ते सूक्ष्मदर्शकाचं..."

"ते राहू द्या. जाड अक्षरं मला दिसायला हवी होती." बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्या पुढचाच विचार करत होत्या. "रंग घालवायचा हा उपाय तुम्ही आणखी कोणाला सांगितलात?"

"तिघांना. आणि आता टिपणातून सगळ्यांना."

"आणि शुक्रवारपासून संपादन करता येईल अशा फायली कुठे कुठे गेल्या?"

बाकी ग्राहकांना अहवाल पक्क्या स्वरूपात जायचे, पण पाणीपुरवठा विभागाला तसाच कच्चा पाठवावा लागायचा, कारण ते त्यातली कोष्टकं स्वतःच्या अहवालात घ्यायचे. दोघी बसल्या आणि जतन केलेल्या फायली एकेक करून उघडल्या. शो वर खूण, बघा, पुढची. सेहेचाळीस फायलींपैकी नऊंमध्ये नोंद चालू होती. त्यांतली एक काल दुपारी पाणीपुरवठ्याला गेली होती. चौथ्या विहिरीच्या ओळीत एकसष्ट हा आकडा खोडलेला आणि त्याशेजारी एकेचाळीस. पहिला आकडा मर्यादेच्या वर, दुसरा खाली. मधलं कारण कुठेही नाही.

"हे कसं दिसतं माहितेय ना?" बाई म्हणाल्या.

"आपण आकडा खाली आणला, असं."

"आणला नाही. पहिली बाटली उन्हात राहिली होती, दुसरी मागवून पुन्हा तपासली. वहीत दोन्ही तपासण्या आहेत. पण तिकडच्या माणसाला वही दिसत नाही."

ताईंनी तिथूनच पाणीपुरवठ्याच्या इंजिनीअरला फोन लावला. आडवळणाने सांगायची त्यांना सवयच नव्हती. "काल पाठवलेल्या फाइलमध्ये तुम्हाला खोडलेला एक आकडा दिसत असेल," त्या म्हणाल्या. "तो दिसायला नको होता. दिसला ही चूक माझी आहे, आकडा बदलला ही चूक नाही. पहिला नमुना खराब झाला होता. वहीच्या दोन्ही पानांच्या प्रती आता पाठवते."

"दिसला होता," इंजिनीअर म्हणाला. "आमच्याकडे खोडलेलं सगळं रंगीत दिसतं. मी उद्या सकाळी येणारच होतो, तुमच्या साहेबांना भेटायला."

"या. पण आधी पानं बघा."

वीस मिनिटांनी त्याचा फोन आला. तारखा जुळत होत्या, सह्या होत्या. "यायची गरज नाही," तो म्हणाला, आणि जरा घुटमळून, "ती रंगीत अक्षरं कशी घालवायची? आमच्याकडेही नवा प्रोग्राम आलाय." ताईंनी त्याला सांगितलं की घालवायची नाहीत, आधी वाचायची.

एक संकट टळलं होतं. दुसरं ताईंच्या समोर खुर्ची ओढून बसलं होतं. टिपण चुकीचं होतं. एक ओळ चूक आणि दुसरी तर धोकादायक, आणि ते अकरा जणांकडे होतं. दुरुस्ती पाठवायची तर लिहावं लागणार: कंट्रोल शिफ्ट सी ने बदलांची नोंद सुरू होते, शो वर खूण करा, काय काय झाकलं गेलंय ते बघा. लोक सगळ्यात आधी कुठल्या फाइलवर ते करून बघणार? हाताशी उघड्या असलेल्या, म्हणजे याच टिपणावर.

"मेल परत घेता येत नाही?" त्यांनी विचारलं.

"सात जणांनी उघडलाय." बाई उठल्या. "तुमच्यासाठी मी काही ठरवत नाही. पण पाच वाजता आणखी दोन फायली जाणार आहेत."

ताई जिन्यात दोन मिनिटं उभ्या राहिल्या. नुसतं "शो ला हात लावू नका" असं लिहायचा मोह झाला. पण तसं लिहिलं तर सगळे हात लावतील आणि अहवालांची नोंद मात्र झाकलेलीच राहील. त्यांनी ठरवलं की दुरुस्ती पाठवायची, पण लोकांनी ते पडद्यावर वाचायच्या आधी आपल्या तोंडून ऐकायचं. बोलण्यात तरी त्या कधी कमी पडल्या नव्हत्या.

आधी साहेब. त्यांच्यासमोर उभं राहून ताईंनी पूर्ण वाक्य म्हणून दाखवलं, पहिला मुद्दा येतो, दुसरा कधीच येत नाही.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "दुसरा असतो," ते म्हणाले. "सांगायच्या आत कोणीतरी उठून जातं. बहुतेक वेळा तुम्ही."

"आत्ता सांगा. मी थांबते."

साहेबांनी आठवून बघितलं. "आत्ता नाहीये," त्यांनी कबूल केलं. मग इंजिनीअरचा किस्सा ऐकून गंभीर झाले आणि कच्च्या फायली पाठवण्याआधी केमिस्टबाईंची सही लागेल, असा नियम तिथल्या तिथे केला. तो दुसरा मुद्दा मानावा की पहिला, हे ताईंनी विचारलं नाही.

बाटल्या खाली मोटारसायकलवर जाळी बांधत होता. त्याला त्याची ओळ फार आवडली. "अजून एकदा म्हणा," तो म्हणाला. मग त्याने ती फोनमध्ये लिहून घेतली, बायकोला पाठवायला.

राहिले काका. अभिलेखखोली तळमजल्यावर मागच्या बाजूला. तीस वर्षांच्या वह्या, खोक्यांवर वर्षांचे आकडे, आणि मध्ये एक टेबल. ताईंना वाटलं होतं हे सगळ्यात सोपं जाईल. काका कधी कोणावर चिडलेले कोणी पाहिले नव्हते. ताईंनी वाक्य म्हटलं, बाटल्यासमोर म्हटलं तसंच, थोडं हसत.

काका हसले नाहीत. त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि एक पुठ्ठा काढला. त्यावर बारीक, सरळ अक्षरात जुन्या प्रोग्रामच्या कळा लिहिल्या होत्या, चाळीसेक. काही शाईत, काही नंतर पेन्सिलीने. कडा हाताळून मऊ झाल्या होत्या.

"दर महिन्याला एक शिकायचो," काका म्हणाले. "वापरायला मात्र भीती वाटायची. चुकलं तर तुम्हा लोकांना कोण विचारणार, म्हणून माउसनेच करायचो. मार्चपासून धीर करून दाबायला लागलो होतो. आणि शुक्रवारी हे सगळं रद्द झालं."

ताईंनी हसणं थांबवलं आणि वाकून पुठ्ठ्यावरच्या ओळी वाचल्या.

"मला माहीत नव्हतं," शेवटी त्या म्हणाल्या.

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"विचारायला हवं होतं." त्या स्टुलावर बसल्या. "काका, माफ करा. ते गंमत म्हणून लिहिलं, पण त्यात गंमत नव्हती. हा पुठ्ठा रद्द झालेला नाही. यातल्या बऱ्याच कळा तशाच आहेत. द्या, बघू."

त्यांनी काकांची पेन्सिल घेतली आणि पुठ्ठ्यावरची प्रत्येक ओळ काकांच्याच यंत्रावर दाबून बघायला सुरुवात केली. केमिस्टबाईंसारखी, एकेक. जी चालली तिच्यासमोर टिंब. नाही चालली तिच्यासमोर नवीन कळ. एफ पाच आता पानावर उडी मारत नाही, दस्तऐवजाचा नकाशा उघडतो. शोधायला कंट्रोल एफ तेच, पण पट्टी खाली येते. चाळीसपैकी सव्वीस टिंबं पडली. काका टिंबं मोजत होते.

"आणि ही?" काकांनी कंट्रोल शिफ्ट सी वर बोट ठेवलं. "टिपणात तर काहीच करत नाही असं आहे."

"तेच सांगायला आले होते," ताई म्हणाल्या, आणि ते सगळं सांगितलं.

पावणेपाचला दुसरं टिपण गेलं. ते पहिल्यापेक्षा लहान होतं:

"सकाळच्या टिपणात माझी चूक झाली. कंट्रोल शिफ्ट सी ने त्या फाइलमधल्या बदलांची नोंद सुरू होते. पुन्हा दाबलं की थांबते. पुसलेलं वाक्य जात नाही, फक्त खोडलेलं राहतं. शो वरची खूण काढली की ते झाकलं जातं, जात नाही. मी रंग घालवायचा सांगितलेला उपाय विसरा. बाहेर जाणारी प्रत्येक कच्ची फाइल उघडून शो वर खूण करा. रंगीत काही दिसलं तर वाचा, ठीक असेल तर 'अॅक्सेप्ट ऑल', म्हणजे सगळे बदल कायम, करा, रेकॉर्ड बंद करा, जतन करा. रूपाची नक्कल करायला वरच्या पट्टीतला ब्रश वापरा. सकाळच्या टिपणावरही हे करून बघाल, हे मला माहीत आहे. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना मी भेटले आहे. बाकीच्यांनी आपल्याबद्दल काही नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नये."

त्या शेवटच्या वाक्यामुळे दोन जण खरोखरच नाराज झाले. स्वागतकक्षातल्या बाई तर आठवडाभर ताईंशी बोलताना म्हणायच्या, "मी काय, मी तर टिपणात नाहीच."

दुसऱ्या दिवशी नऊ फायली साफ करायला काका वर आले, पुठ्ठा बरोबर घेऊन. सेहेचाळीसपैकी ज्या सदतीस निर्दोष होत्या, त्यांत त्यांच्या हातून गेलेल्या सगळ्या होत्या, हे केमिस्टबाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते मोठ्याने सांगितलं. काकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण खुर्चीत थोडे सरळ बसले.

ते ताईंच्या शेजारीच बसले. ताई फाइल उघडायच्या, काका खोडलेले आकडे वहीशी ताडून बघायचे. सातव्या फाइलला ताईंची बोटं पुढे धावली आणि न वाचताच अॅक्सेप्ट ऑलकडे वळली.

"थांबा," काका म्हणाले. "ही ओळ मी अजून बघितलेली नाही."

ताई थांबल्या. काकांनी वहीचं पान उलटलं, आकड्यावर बोट ठेवलं, ओठ हलवत वाचलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आता दाबा."